चौदा दिवस मोजायचे कुठून?

मेडिकलच्या दुकानात फ्लुकोनाझोल असं नाव घेऊन औषध मागणारे थोडेच. ‘नायट्यावरची ती आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी’ म्हटलं की दुकानदाराला कळतं आणि १५० मिलिग्रॅमची पट्टी काउंटरवर येते. अंगावरून पांढरं जाऊन खाज सुटते तेव्हाही डॉक्टर पुष्कळदा हीच एक गोळी लिहून देतात आणि बहुतेकींना तेवढ्यानं बरं वाटतं. हेच औषध मोठ्या इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात शिरेतून दिलं जातं, तेव्हा पहिल्या दिवशी ८०० मिलिग्रॅम आणि नंतर रोज ४००, असं कित्येक दिवस चालतं. औषध तेच, बुरशीही बऱ्याचदा त्याच कँडिडा घराण्यातली. फरक जागेचा आहे. इथे बुरशी रक्तात उतरलेली असते.

कँडिडा आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडात, आतड्यांत, कातडीवर मुक्कामाला असते आणि एरवी काही करत नाही. तिला रक्तात शिरायला दार लागतं, आणि इस्पितळात ही दारं उपचारांमुळेच उघडतात. पोटाच्या ऑपरेशनमध्ये आतडं उघडलं जातं. जबरी अँटिबायोटिक्सनी आतड्यातले जिवाणू मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत बुरशी फोफावते. मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन तर कातडीपासून थेट हृदयाच्या तोंडापर्यंत गेलेला रस्ताच असतो.

एक रुग्ण समोर ठेवू. हा कुणी एक खराखुरा माणूस नाही. अशा रुग्णांच्या केसपेपरांत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जोडून तो उभा केला आहे. ५८ वर्षांचे शेतकरी, वजन ६६ किलो, मधुमेह आहे, त्यासाठी ग्लिमेपिराइडची गोळी सुरू होती. आतड्याला भोक पडलं म्हणून तातडीचं ऑपरेशन झालं. तोंडानं खाणं बंद, म्हणून सेंट्रल लाइनमधून पोषणाचं सलाइन चालू आहे, साखर इन्सुलिनवर आहे, दोन अँटिबायोटिक्स चालू आहेत. ऑपरेशननंतर नवव्या दिवशी, म्हणजे महिन्याच्या ३ तारखेला, उतरलेला ताप पुन्हा चढला. रक्त घेऊन कल्चरला पाठवलं.

कल्चरच्या बाटल्या प्रयोगशाळेत एका यंत्रात ठेवतात. त्यात शरीराइतकी ऊब असते, आणि बाटलीत काही वाढू लागलं की त्यातून सुटणारा वायू ओळखून यंत्र आवाज देतं. या रुग्णाची बाटली ४ तारखेच्या रात्री वाजली. तंत्रज्ञानं थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरून रंगवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. गोल-लांबट जांभळ्या पेशी, काहींच्या अंगाला अंकुर फुटावा तशी छोटी पेशी चिकटलेली. यीस्ट. हे दिसताच प्रयोगशाळेनं वॉर्डात फोन करायचा असतो, सकाळच्या रिपोर्टची वाट पाहायची नसते. रक्ताच्या कल्चरमध्ये कातडीवरचे काही जिवाणू सुई टोचताना चुकून मिसळतात, ते डॉक्टर कधीकधी सोडून देतात. कँडिडाला ही सवलत नाही. एकाच बाटलीत, एकदाच सापडली तरी ती खरी धरायची आणि उपचार करायचा. शिवाय कल्चर ही काही फार तीक्ष्ण चाचणी नव्हे. शरीरात खोलवर कँडिडा असलेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत रक्ताचं कल्चर कोरंच येतं. म्हणून ज्याचं आलं, त्याचं गांभीर्य मोठं.

उशिराची किंमत किती, हे २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं. ज्यांना फ्लुकोनाझोल कल्चर घेतलं त्याच दिवशी मिळालं, त्यांच्यातले सुमारे १५ टक्के दगावले. एक दिवस उशीर झाला त्यांच्यात हे प्रमाण २४ टक्के होतं, दोन दिवस उशीर झालेल्यांत ३७, आणि तीन दिवस किंवा त्याहून अधिक उशीर झालेल्यांत ४१ टक्के.

तरीही त्या रात्री या शेतकऱ्याला फ्लुकोनाझोल दिलं नाही. दिलं ते कॅस्पोफंजिन, पहिला डोस ७० मिलिग्रॅम, पुढे रोज ५०. हे एकायनोकँडिन गटातलं महागडं इंजेक्शन आहे. त्यामागचं कारण समजून घेतल्याशिवाय फ्लुकोनाझोलची खरी जागा कळत नाही.

फ्लुकोनाझोल इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या सँडविच गावी, फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो. तो बनवणाऱ्या एका विकराला हे औषध अडवतं. त्यामुळे बुरशीची वाढ थांबते, पण ती लगेच मरत नाही. कॅस्पोफंजिन मात्र पेशीची भिंतच कच्ची करतं आणि कँडिडाला मारतं. १९९४ साली एका गाजलेल्या चाचणीत रोज ४०० मिलिग्रॅम फ्लुकोनाझोल जुन्या अँफोटेरिसिनच्या तोडीला उतरलं आणि मूत्रपिंडांना पुष्कळ सौम्य ठरलं. तेव्हापासून ते रक्तातल्या कँडिडाचं हक्काचं औषध झालं. पुढे २००७ साली त्याची एकायनोकँडिन गटातल्या अनिडुलाफंजिनशी २४५ रुग्णांत थेट तुलना झाली. शिरेतल्या उपचाराच्या शेवटी अनिडुलाफंजिन घेतलेल्या सुमारे ७६ टक्के रुग्णांत उपचार यशस्वी ठरला, तर फ्लुकोनाझोल घेतलेल्या ६० टक्क्यांत. त्यानंतर क्रम बदलला. सुरुवात एकायनोकँडिननं करायची, आणि बुरशीची ओळख पटली, ती फ्लुकोनाझोलला दबते असं दिसलं, रुग्ण सावरला की त्यावर यायचं. रुग्ण फारसा अत्यवस्थ नसेल आणि दाद न देणाऱ्या बुरशीची शंका नसेल, तर पहिल्या दिवसापासूनही फ्लुकोनाझोल चालतं.

ही शंका भारतात सहज झटकता येत नाही. देशातल्या २७ अतिदक्षता विभागांतल्या १४०० रुग्णांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यात सर्वांत जास्त सापडली ती कँडिडा ट्रॉपिकॅलिस, सुमारे ४२ टक्के रुग्णांत. पाश्चात्त्य देशांत पहिला नंबर अल्बिकन्सचा असतो. ट्रॉपिकॅलिस बहुतेकदा फ्लुकोनाझोलला दबते, नेहमी नाही. याच पाहणीत कँडिडा ऑरिसही सापडली. २००९ साली जपानमधल्या एका रुग्णाच्या कानात ती पहिल्यांदा ओळखली गेली, म्हणून लॅटिनमधला कानाचा शब्द तिच्या नावाला चिकटला. काही वर्षांतच ती दिल्लीतल्या इस्पितळांतल्या रुग्णांच्या रक्तात दिसली. हिच्यावर फ्लुकोनाझोल जवळपास कधीच चालत नाही. जुन्या यंत्रांवर ती दुसऱ्याच कँडिडाच्या नावानं ओळखली जायची, म्हणजे रिपोर्टवर नाव एक आणि रक्तात बुरशी दुसरीच. कँडिडा क्रुसाय तर जन्मजातच या औषधाला दाद देत नाही. ग्लाब्राटा कधी दाद देते, कधी नाही. देते तेव्हाही रोजचा डोस दुप्पट, म्हणजे ८०० मिलिग्रॅम लागतो. नाव कळण्याआधी ४ तारखेच्या रात्री डॉक्टरांनी कॅस्पोफंजिन निवडलं ते यासाठी.

५ तारखेला सकाळी सेंट्रल लाइन काढली. नातेवाइकांना हे बहुतेकदा कळत नाही. एवढ्या कष्टानं घातलेली नळी काढून दुसरीकडे पुन्हा का टोचायची? कँडिडा प्लास्टिकच्या नळीवर चिकट थर करून राहते, आणि त्या थराच्या आतल्या पेशींपर्यंत फ्लुकोनाझोल पुरेसं पोहोचतच नाही. नळी आत राहिली तर औषध रक्त साफ करत राहतं आणि नळी पुन्हा त्यात बुरशी सोडत राहते.

त्याच दिवशी दुसरं कल्चर घेतलं. ७ तारखेला तिसरं, ९ तारखेला चौथं. रोज किंवा दिवसाआड रक्त काढायचं, तेही ताप उतरल्यावरसुद्धा, यावरून वॉर्डात हमखास कुरबूर होते. रुग्णाच्या मुलानं सिस्टरना विचारलंच, ‘‘सिस्टर, बाबांचा ताप तर गेला. मग अजून रक्त कशाला काढताय?’’

‘‘ताप गेला, पण बुरशी रक्तातनं कधी गेली ते रक्तच सांगणार ना, दादा. त्या दिवसापासून औषधाचे दिवस मोजायचे असतात.’’

सिस्टरचं हे उत्तर म्हणजे साऱ्या उपचाराची किल्ली आहे. रक्तातल्या कँडिडाला दोन आठवडे औषध द्यावं, असा नियम आहे. पण ते दोन आठवडे पहिल्या बाटलीपासून सुरू होत नाहीत. ज्या दिवशी घेतलेलं रक्त पहिल्यांदा कोरं निघालं, तो पहिला दिवस. त्याच्या पुढे चौदा दिवस भरले पाहिजेत, आणि तोवर आजाराची लक्षणंही गेलेली हवीत. दोन्ही अटी पुऱ्या व्हायला हव्यात.

या रुग्णाचं कॅलेंडर असं भरतं. ५ तारखेचं कल्चर वाजलं, म्हणजे त्या दिवशी रक्तात बुरशी होती. ७ तारखेचं कल्चर पाच दिवस ठेवूनही वाजलं नाही. ९ तारखेचंही नाही. म्हणून पहिला दिवस ७ तारीख, आणि ती धरून चौदावा दिवस २० तारीख. औषध ४ तारखेला सुरू झालं म्हणून जर कुणी त्या दिवसापासून चौदा मोजले, तर १७ तारखेला औषध थांबेल. तीन दिवस कमी पडतील. हे तीन दिवस वरवर क्षुल्लक वाटतात, पण एखाद्याच्या रक्तातली बुरशी आठ दिवस जाता जात नाही, तेव्हा हीच चूक आठ दिवसांची होते. आणि ५ तारखेनंतर पुन्हा रक्त घेतलंच नसतं, तर मोजायला सुरुवात कुठून करायची हेच कळलं नसतं. इथे नेहमी होणारी चूक आकड्यांची नसते. तारीख कुणी टिपून ठेवलेली नसते, हीच चूक असते.

७ तारखेच्या कल्चरचा अंतिम रिपोर्ट १२ तारखेला येतो. तोवर ‘अजून काही वाढलेलं नाही’ एवढंच कळत असतं. मोजणी मात्र रिपोर्टच्या तारखेपासून करायची नाही, रक्त घेतलेल्या तारखेपासून करायची. आणि ७ तारखेनंतर कॅस्पोफंजिनवर गेलेले दिवसही चौदांतच धरायचे. औषध बदललं म्हणून घड्याळ शून्यावर येत नाही.

चौदा हा आकडा आला कुठून? सात, चौदा आणि एकवीस दिवस यांची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीतून तो आलेला नाही. १९९० च्या दशकातल्या चाचण्यांत शेवटच्या दूषित कल्चरनंतर दोन आठवडे औषध दिलं गेलं, रुग्ण बरे झाले, आणि तेच प्रमाण मार्गदर्शक सूचनांत रुळलं. पण त्यामागचा तर्क भक्कम आहे. रक्तातून फिरताना कँडिडा डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, हृदयाच्या झडपा, मणके अशा ठिकाणी बीज टाकून जाते. रक्त कोरं झालं तरी ही बीजं काही दिवस जिवंत असतात.

म्हणूनच ९ तारखेला नेत्रतज्ज्ञ वॉर्डात आले, डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले आणि पडदे तपासले. रुग्णाला नजरेची काही तक्रार नव्हती, तरी तपासणी पहिल्या आठवड्यात करायचीच असते. पडद्यावर पांढरट कापसासारखे ठिपके दिसले असते तर सारा हिशेब बदलला असता. उपचार दोन आठवड्यांऐवजी निदान चार ते सहा आठवडे चालला असता. शिवाय डोळ्यात कॅस्पोफंजिन नीट उतरत नाही, फ्लुकोनाझोल उतरतं. डोळ्याच्या आतल्या द्रवात त्याचं प्रमाण रक्ताच्या जवळपास जातं. बुरशी हृदयाच्या झडपेवर बसली असेल तर बहुधा झडपेचं ऑपरेशन लागतं आणि औषध सहा आठवडे किंवा त्याहूनही जास्त. आपल्या रुग्णाचे पडदे स्वच्छ होते, ताप नव्हता, हृदयाची सोनोग्राफी बरी होती. चौदा दिवस पुरेसे होते.

८ तारखेला बुरशीचं नाव कळलं, कँडिडा ट्रॉपिकॅलिस, आणि ९ तारखेला ती कोणत्या औषधाला किती दबते ते. रिपोर्टवर फ्लुकोनाझोलसमोर ‘एमआयसी १’ असं होतं. बुरशीची वाढ थांबवायला औषधाचं किती कमी प्रमाण पुरतं, ते हा आकडा सांगतो. ट्रॉपिकॅलिससाठी तो २ किंवा त्याहून कमी असेल तर नेहमीचा डोस चालतो. ४ आला तर डोस वाढवून काम होऊ शकतं. ८ आणि पुढे आला तर फ्लुकोनाझोल विसरायचं. इथे वाट मोकळी होती. रुग्ण सावरला होता, नळी निघाली होती, ७ तारखेपासूनचं रक्त अजून कोरं होतं. १० तारखेला कॅस्पोफंजिन थांबवून फ्लुकोनाझोल सुरू केलं.

डोस वजनावर ठरतो. पहिल्या दिवशी दर किलोला १२ मिलिग्रॅम, पुढे दर किलोला ६. वजन ६६ किलो, म्हणजे ७९२ आणि ३९६. व्यवहारात ८०० आणि ४००. वॉर्डात येणाऱ्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत २०० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणून पहिल्या दिवशी चार बाटल्या. तासाला एका बाटलीहून जास्त वेगानं देत नाहीत, म्हणजे चार तास लागले. ‘४०० म्हणजे सगळ्यांना ४००’ ही सवय मात्र घातक आहे. १०० किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी १२०० आणि पुढे रोज ६०० लागतं. आणि नायट्यावरची १५० ची गोळी ज्यांच्या डोळ्यासमोर असते, त्यांच्या हातून कधीकधी १५० किंवा २०० च लिहिलं जातं. अशा डोसनं रक्तातली कँडिडा दबत नाही.

पहिला डोस दुप्पट का, हे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून कळतं. रिकाम्या टाकीत रोज थोडं पाणी सोडलं आणि रोज थोडं गळत राहिलं, तर पातळी वर यायला बरेच दिवस लागतात. फ्लुकोनाझोल शरीरातून सावकाश जातं. निम्मं औषध निघून जायला सुमारे ३० तास लागतात, म्हणजे २४ तासांनी साधारण ५७ टक्के शिल्लक उरतं. सरळ ४०० नं सुरुवात केली तर दुसऱ्या दिवशी उरलेले २३० आणि नवे ४०० मिळून ६३० होतात, तिसऱ्या दिवशी ७६०, आणि रोज जितकं जातं तितकंच येतं अशी ९४० च्या आसपासची पातळी गाठायला जवळपास आठवडा जातो. ८०० नं सुरुवात केली तर पहिल्याच दिवशी ८०० असतात आणि दुसऱ्या दिवशी उरलेले ४६० आणि नवे ४०० मिळून ८६०. आठवड्याचं काम दोन दिवसांत होतं. मरणाची टक्केवारी दिवसागणिक चढते त्या आजारात हा फरक मोठा आहे.

१३ तारखेला अडचण आली. रुग्णाला जुलाब झाले, पाणी कमी पडलं, आणि क्रिएटिनिन १ वरून २ वर गेलं. फ्लुकोनाझोलचा सुमारे ८० टक्के भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. मूत्रपिंडं मंदावली की टाकीची गळती कमी होते, आणि तेवढंच पाणी सोडत राहिलं तर ती ओसंडते. तरुण निवासी डॉक्टरांनी तिथेच कागदावर हिशेब केला. १४० मधून वय ५८ वजा केलं, ८२ उरले. त्याला ६६ किलोनं गुणलं, ५४१२ झाले. खाली ७२ गुणिले क्रिएटिनिन २, म्हणजे १४४. उत्तर आलं सुमारे ३८. हा मूत्रपिंडांच्या गाळण्याचा अंदाज असतो, आणि तो ५० किंवा त्याहून कमी आला की फ्लुकोनाझोलचा रोजचा डोस निम्मा करतात. म्हणून १४ तारखेपासून २०० मिलिग्रॅम.

निम्मा होतो तो फक्त रोजचा डोस. मूत्रपिंडं कितीही मंद असली तरी पहिल्या दिवशीचा दुप्पट डोस पुरा द्यायचा, कारण रिकामी टाकी भरायला तेवढंच पाणी लागतं, गळती कमी असो वा जास्त. ही चूक वारंवार होते. क्रिएटिनिन वाढलेलं पाहून हात आखडतो आणि नेमका पहिला डोसच अर्धा दिला जातो. डायलिसिसवरच्या रुग्णाची गोष्ट आणखी उलटी आहे. यंत्र औषध ओढून घेतं, म्हणून डायलिसिस झाल्यावर त्या दिवशीचा पूर्ण डोस द्यावा लागतो. आणि आयसीयूत चोवीस तास संथपणे चालणाऱ्या डायलिसिसमध्ये फ्लुकोनाझोल निरोगी मूत्रपिंडांपेक्षाही वेगानं निघून जातं. निरोगी मूत्रपिंड गाळलेल्यातलं बरंचसं औषध रक्तात परत घेतं, यंत्राला ते जमत नाही. अशा रुग्णाला ‘किडनी फेल आहे’ म्हणून डोस निम्मा केला, तर बुरशीच्या पथ्यावर पडतं.

त्या कागदावरच्या सूत्रालाही मर्यादा आहे. क्रिएटिनिन झपाट्यानं चढत किंवा उतरत असतं तेव्हा सूत्र मागे राहतं. सलाइन मिळाल्यावर आपल्या रुग्णाची लघवी वाढली, आणि १६ तारखेला क्रिएटिनिन १.२ वर आलं. हिशेब ६० च्या वर गेला. त्याच दिवशी डोस पुन्हा ४०० केला. निम्मा केलेला डोस वेळेवर पूर्ववत करायला विसरणं, हीही वॉर्डातली नेहमीची गोष्ट.

१५ तारखेपर्यंत रुग्ण मऊ भात, पेज खाऊ लागले होते, म्हणून बाटल्या बंद करून गोळ्या दिल्या. नातेवाइकांना वाटतं, सलाइनमधलं औषध जोरकस आणि गोळी म्हणजे कमजोर. फ्लुकोनाझोलच्या बाबतीत तसं नाही. तोंडानं घेतलेलं ९० टक्क्यांहून जास्त औषध रक्तात पोहोचतं, जेवणाआधी घ्या किंवा नंतर, आणि त्यासाठी पोटात आम्ल लागत नाही. बाटलीऐवजी तितक्याच मिलिग्रॅमची गोळी, बस्स. अट एकच, आतडं चालू हवं आणि उलट्या नकोत. कॅस्पोफंजिनची गोळी मिळत नाही. घरी जाणाऱ्या रुग्णाला फ्लुकोनाझोलवर आणायचं हे एक मोठं व्यावहारिक कारण आहे.

१७ तारखेला रात्रीची गोळी घेऊन रुग्णाला घरी सोडायचं ठरलं. डिस्चार्ज कार्डावर वरच्या ओळीत जुनी ग्लिमेपिराइड पुन्हा सुरू केलेली, कारण इन्सुलिन बंद झालं होतं. आणि खाली फ्लुकोनाझोल. इस्पितळातल्या औषधालयातल्या फार्मासिस्टबाई कार्ड घेऊन परत वॉर्डात आल्या. यकृतातलं एक विकर ग्लिमेपिराइड शरीरातून काढून टाकतं आणि फ्लुकोनाझोल त्यालाच अडवतं. ग्लिमेपिराइड रक्तात साचते आणि साखर एकाएकी खाली जाते. ऑपरेशननंतर जेमतेम खाणाऱ्या माणसाला पहाटे दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, तो असंबद्ध बोलू लागतो, आणि घरच्यांना वाटतं की आजार उलटला. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन आणि फिटवरचं फेनिटॉइन यांच्याशीही हाच घोळ होतो. एकात रक्तस्राव, दुसऱ्यात झोक जाणं आणि गुंगी. शिवाय फ्लुकोनाझोल हृदयाच्या ठोक्याची लय लांबवतं, म्हणून तसंच करणारं दुसरं औषध चालू असेल तर ईसीजी काढून पाहतात, आणि दोन आठवड्यांच्या उपचारात यकृताची रक्ततपासणी करतात.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड खोडली आणि तूर्त सकाळी थोडं इन्सुलिन लिहिलं. ग्लिमेपिराइड २१ तारखेला लगेच का सुरू करायची नाही, हेही मुलाला समजावलं. शेवटची गोळी २० तारखेला घेतली तरी तीस तासांनी निम्मं, साठ तासांनी चौथा हिस्सा, असं औषध शरीरात रेंगाळतं. विकर पूर्ण मोकळं व्हायला पाच-सहा दिवस लागतात. २७ तारखेला टाके आणि साखर दाखवायला यायचं होतंच, तेव्हा ठरवू, असं म्हणाले.

फार्मासिस्टबाईंनी २०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या मोजून पाकिटात घातल्या, १८, १९ आणि २० तारखेला रोज दोन. पाकिटावर ‘दोन आठवडे’ असं लिहिलं नाही. ‘२० तारखेपर्यंत, २० धरून’ असं लिहिलं, आणि त्याखाली कंसात ‘७ तारखेचं रक्त कोरं’. मुलानं विचारलं, मध्येच पुन्हा ताप आला तर काय करायचं?

‘‘गोळ्या संपायची वाट पाहू नका. थंडी वाजून आली, नजर धूसर झाली किंवा पाठ दुखायला लागली, तर त्याच दिवशी घेऊन या. आणि हे पाकीट बरोबर आणा.’’